एफआयआरची प्रत हातात आली की आधी तारखा वाचा, मग कलमं

"वकीलसाहेब, चारशे वीस तर बंद झालं ना? मग ही एफआयआर टिकणारच नाही."

नवे फौजदारी कायदे आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने प्रत टेबलावर ठेवली की मी आधी तिसरा रकाना बघतो. बहुतेक लोक प्रत मिळाल्यावर थेट कलमांवर जातात, मोबाइलवर आकडा टाकतात आणि भलतंच काहीतरी वाचून घाबरतात किंवा निर्धास्त होतात. म्हणून मी नवख्यांना वाचनाचा क्रम वेगळा सांगतो. आधी तारखा, मग कायद्याचं नाव, मग कलम, त्यानंतर हकीकत आणि शेवटी केलेली कारवाई. हा क्रम का, ते एका प्रकरणावरून बघू. नावं काढून टाकली आहेत, आकडे आणि तारखा बदलल्या आहेत, पण सांगाडा रोजच्या कामातलाच आहे.

एका गृहस्थाने मुलाला सरकारी नोकरी लावून देतो असं सांगणाऱ्या ओळखीच्या माणसाला तीन हप्त्यांत साडेतीन लाख रुपये दिले. १० फेब्रुवारी २०२४ ला एक लाख रोख, ४ मार्चला दीड लाख बँकेतून आणि २८ मे ला उरलेले एक लाख, तेही बँकेतूनच. पहिल्या भेटीत त्या माणसाबरोबर त्याचा मेहुणा होता आणि "काम पक्कं समजा" असं तोही म्हणाला. नोकरी लागली नाही. २० ऑक्टोबर २०२४ ला फिर्यादी पैसे मागायला गेला, तेव्हा मेहुण्याने "परत दारात आलास तर मार खाशील" अशी धमकी दिली. १४ नोव्हेंबर २०२४ ला गुन्हा नोंद झाला.

पहिलं पान: ओळख आणि तारखा

महाराष्ट्रात मिळणाऱ्या प्रतीवर 'प्रथम खबर' असं शीर्षक असतं आणि खाली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लिहिलेलं असतं. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रतींवर तिथे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४ दिसेल. पहिल्या रकान्यात जिल्हा, पोलीस ठाणे, वर्ष, प्रथम खबर क्रमांक आणि नोंदीची तारीख-वेळ असते. बोलताना याच क्रमांकाला गु.र.नं. म्हणतात. प्रत्येक ठाण्यात हा क्रमांक दरवर्षी १ पासून सुरू होतो. त्यामुळे "माझा नंबर ४१२ आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. ठाणं, क्रमांक आणि वर्ष हे तिन्ही एकत्रच लिहून ठेवायचं.

तिसऱ्या रकान्याचे तीन भाग असतात आणि खरी गोष्ट तिथे दडलेली असते. (अ) मध्ये गुन्हा घडल्याची तारीख 'पासून' आणि 'पर्यंत' अशी असते. (ब) मध्ये ठाण्यावर माहिती मिळाल्याची तारीख आणि वेळ. (क) मध्ये ठाणे दैनंदिनीतला नोंद क्रमांक, म्हणजे जुन्या भाषेत स्टेशन डायरीची एंट्री. आपल्या प्रकरणात (अ) समोर १०/०२/२०२४ पासून २०/१०/२०२४ पर्यंत असं आहे, (ब) समोर १४/११/२०२४, वेळ १६:१०, आणि पहिल्या रकान्यात नोंदीची वेळ त्याच दिवशी १८:४२.

माहिती मिळाली ती वेळ आणि गुन्हा नोंदला ती वेळ यांत दोन-अडीच तासांचं अंतर असणं नेहमीचंच आहे. फिर्याद टंकायला, वाचून दाखवायला तेवढा वेळ लागतोच. पण घटना संपल्यापासून माहिती मिळेपर्यंत २५ दिवस गेले आहेत आणि शेवटचा पैसा दिल्यापासून तर साडेपाच महिने. बचाव पक्षाचा वकील नेमकं इथेच बोट ठेवणार. म्हणून लगेच आठव्या रकान्यावर जा. उशिराचं कारण तिथे लिहायचं असतं. पुष्कळ प्रतींमध्ये तो रकाना कोरा असतो. कोरा असला म्हणून गुन्हा रद्द होत नाही, पण कारण हकीकतीत तरी आलंय का ते शोधायचं. आपल्या फिर्यादीत "आरोपी वेळोवेळी आश्वासन देत राहिल्याने तक्रार दिली नाही" असं वाक्य होतं. फसवणुकीत उशीर समजावून सांगायला ते बऱ्यापैकी पुरतं, मारहाणीच्या फिर्यादीत पुरणार नाही.

इथे एक गोष्ट फिर्यादीच्या बाजूने सांगतो, कारण ती प्रतीत कधीच दिसत नाही. पैशांच्या प्रकरणात लोक आधी ठाण्यात लेखी अर्ज देतात आणि तो 'अर्ज चौकशी' म्हणून कित्येक आठवडे फिरत राहतो. मग गुन्हा नोंदवताना (ब) समोर नोंदीच्या दिवसाचीच तारीख पडते. कागदावर असं दिसतं की फिर्यादी त्या दिवशी पहिल्यांदाच आला. माझ्या एका अशिलाच्या अर्जाची पोच त्याच्या बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती म्हणून वाचलो. आवक शिक्का मारलेली ती पोच एफआयआरच्या प्रतीला टाचून ठेवा. उशीर कोणाचा, ते तिच्यावरून सिद्ध होतं.

तारखेवरून कायदा ठरतो

आता त्या चारशे वीसच्या प्रश्नाकडे येऊ. भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्या. पहिली आधीच्या भारतीय दंड संहितेच्या, म्हणजे आपण जिला भादंवि म्हणतो तिच्या जागी आली आणि दुसरी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे कृत्य ज्या दिवशी घडलं त्या दिवशीच्या कायद्याने ठरतं. जुना कायदा रद्द करतानाच त्याखाली आधी घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राखून ठेवलेली आहे. गुन्हा नोंदवण्याची आणि तपासाची रीत मात्र नोंदीच्या दिवशीच्या कायद्याने चालते.

आपल्या प्रकरणात पैसे घेतले ते फेब्रुवारी ते मे २०२४ मध्ये. म्हणजे फसवणुकीला भादंवि ४२० लागेल, न्याय संहितेचं ३१८(४) नाही. धमकी ऑक्टोबर २०२४ मधली, म्हणून तिला न्याय संहितेचं ३५१(२). आणि गुन्हा नोव्हेंबरमध्ये नोंदला म्हणून प्रक्रियेची कलमं सगळी नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. त्यामुळे या प्रतीच्या दुसऱ्या रकान्यात दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत अधिनियम 'भारतीय दंड संहिता १८६०', कलमं ४२० आणि ३४. दुसऱ्या ओळीत 'भारतीय न्याय संहिता २०२३', कलम ३५१(२). असं दोन कायद्यांचं मिश्रण दिसलं की लोकांना ती चूक वाटते. इथे ते बरोबर आहे.

चूक कशी ओळखायची? सगळं कृत्य मे २०२४ मध्ये संपलेलं आणि कलम ३१८(४) लावलेलं, किंवा उलट ऑगस्ट २०२४ च्या घटनेला ४२०, असं दिसलं की समजायचं. अशी चूक बहुधा नोंदवणाऱ्याच्या सवयीतून होते. ती दुरुस्त होऊ शकते, त्या एका कारणाने गुन्हा उडून जात नाही. तेव्हा "कलम चुकलंय, सुटलो" असं कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

कलमाचा आकडा एकटा वाचू नका

दुसऱ्या रकान्यात डावीकडे कायद्याचं नाव असतं ते याचसाठी. भादंवि ३४ म्हणजे अनेकांनी मिळून, समान इराद्याने केलेलं कृत्य. न्याय संहितेचं ३४ म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क. समान इरादा नव्या संहितेत ३(५) मध्ये गेला आहे. भादंवि ३०२ म्हणजे खून, तर न्याय संहितेचं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे. वर्तमानपत्रात '३०२' वाचून वाढलेल्या पिढीला हे पचायला वेळ लागणार. मलाही लागला.

आकडा आणि कायदा नीट जुळला की प्रत्येक कलमाबद्दल तीन गोष्टी काढायच्या: जास्तीत जास्त शिक्षा किती, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र. न्याय संहितेच्या कलमांसाठी हा तक्ता नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. भादंविच्या कलमांसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची पहिली अनुसूची उघडायची.

भादंवि ४२० ला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. न्याय संहितेच्या ३१८(४) चंही तसंच. ३५१(२) ला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि अनुसूचीप्रमाणे तो अदखलपात्र आणि जामीनपात्र. मग अदखलपात्र गुन्हा एफआयआरमध्ये आलाच कसा? एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र मानून तपास करता येतो. ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) मध्ये आहे. फक्त धमकीच झाली असती, तर ठाण्यात 'एन.सी.' म्हणून नोंद झाली असती आणि न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास केला नसता.

'अजामीनपात्र' या शब्दाने घरातल्यांचं धाबं दणाणतं. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो आणि तो ठाण्यातूनही मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाकडे मागावा लागतो आणि द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवतं. फरक एवढाच आहे.

हकीकत कलमांशी ताडून बघा

बाराव्या रकान्यात फिर्यादीचा जबाब असतो. सवड काढून, पेन्सिल घेऊन हा भाग वाचायचा. दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक कलम हकीकतीतल्या कोणत्या वाक्यावर उभं आहे ते समासात लिहायचं.

४२० साठी मुख्य गोष्ट अशी की पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता असं दिसलं पाहिजे. नुसतं वचन पाळलं नाही एवढ्याने फसवणूक होत नाही. आपल्या हकीकतीत "मंत्रालयात माझी ओळख आहे, यादीत नाव घालून आणलंय" असं पहिल्याच भेटीत सांगितल्याचं वाक्य आहे. ते वाक्य फिर्यादीच्या बाजूचा खांब आहे. अशा प्रकरणांत ४२० बरोबर ४०६, म्हणजे विश्वासघाताचं कलमही सर्रास लावलेलं दिसतं. विश्वासघातात वस्तू आधी प्रामाणिकपणे सोपवलेली असते आणि नंतर लाटली जाते, फसवणुकीत हेतू सुरुवातीपासूनच खोटा असतो. एकाच व्यवहाराला दोन्ही एकदम लागू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. दोन्ही कलमं लावलेली दिसली तर पेन्सिलने वर्तुळ करून ठेवा, ते पुढे कामाला येईल.

आता ३४ बघा. मेहुण्याचं नाव पैशांच्या प्रकरणात एका वाक्यावर टिकून आहे: "काम पक्कं समजा." पैसे त्याच्या खात्यात गेलेले नाहीत. धमकीत मात्र तो एकटाच आहे. म्हणजे दोन्ही आरोपींची नावं सातव्या रकान्यात एकाखाली एक असली तरी त्यांची बाजू सारखी नाही. हे रकान्यांवरून कळत नाही, हकीकत वाचूनच कळतं.

रकमांची बेरीजही करून बघा. हकीकतीतल्या १,००,०००, १,५०,००० आणि १,००,००० ची बेरीज ३,५०,००० येते. दहाव्या रकान्यात हाच आकडा हवा. तिथे कधी शून्य असतं, कधी एखादं शून्य जास्त पडलेलं असतं. फिर्यादी असाल तर तपासी अंमलदाराला पुरवणी जबाबात ते लगेच दुरुस्त करायला सांगा. मूळ प्रथम खबरीत खाडाखोड होत नाही आणि होऊही नये.

तेराव्या रकान्यातून पुढचं पाऊल

इथे तपास कोणाकडे दिला ते नाव आणि हुद्दा असतो. पोउपनि म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, सपोनि म्हणजे सहायक निरीक्षक, पोहेकॉ म्हणजे हेड कॉन्स्टेबल. पुढचे काही महिने तुमचा संबंध या माणसाशी येणार. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असेल आणि गुन्हा 'शून्य' क्रमांकाने घेतलेला असेल, तर इथेच तो कुठे वर्ग केला ते लिहिलेलं असतं. मग तिथे जाऊन नवा क्रमांक घ्यायला विसरू नका. शेवटच्या, पंधराव्या रकान्यात न्यायालयाकडे पाठवल्याची तारीख-वेळ असते. फिर्यादीच्या प्रतीत ती बहुधा कोरी असते, कारण प्रत त्याआधीच दिलेली असते. फिर्यादीला आणि पीडिताला ही प्रत मोफत द्यायची असते. कोणी झेरॉक्सचे पैसे मागितले तर कलम १७३(२) दाखवा.

आरोपीच्या बाजूने पुढची पायरी शिक्षेच्या आकड्यावरून ओळखता येते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे. अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. जुन्या संहितेतल्या कलमावरून जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून 'एक्केचाळीस-ए'च आहे. ती नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवली तर योग्य बजावणी होत नाही, हेही न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. नोटीस मिळाली की त्या तारखेला हजर राहा, कागद द्या, हजर राहिल्याची नोंद घ्या. गेलात तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक होत नाही, टाळलंत तर तेच अटकेचं कारण ठरतं.

अटकेची भीती खरी असेल तर अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली सत्र किंवा उच्च न्यायालयात मागायचा. इथे पुन्हा आकड्यांचा घोळ आहे. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाकडे एफआयआर रद्द करण्यासाठी जायचं कलम होतं. ते आता ५२८ झालं. मोबाइलवरचा जुना लेख वाचून आलेला माणूस "४८२ टाका" म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय हवंय ते दोनदा विचारावं लागतं.

अटक झालीच तर ६० दिवसांचं गणित सुरू होतं. दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस एफआयआरच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून मोजायचे. समजा २१ नोव्हेंबर २०२४ ला पहिली कोठडी मिळाली. नोव्हेंबरचे १०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे १९, म्हणजे १९ जानेवारी २०२५ ला साठावा दिवस. २० तारखेला सकाळीच अर्ज हवा, कारण अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हा हक्क गेला. मला माहीत असलेल्या एका प्रकरणात नातेवाइकांनी १४ नोव्हेंबरपासून दिवस मोजून आठवडाभर आधी धावपळ केली आणि खऱ्या दिवशी सगळे दमून गावी गेले होते.

फिर्यादीच्या बाजूचं काम वेगळं आहे. ज्या खात्यांतून पैसे गेले त्यांचे शिक्क्याचे उतारे द्या. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण पुसू नका आणि मोबाइलही बदलू नका. त्या संभाषणाला नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. रोख दिलेल्या एका लाखाचं काय? तिथे साक्षीदार लागतो. त्या दिवशी सोबत कोण होतं, बँकेतून आदल्या दिवशी रक्कम काढली होती का, हे पुरवणी जबाबात आलं पाहिजे. तपासात आणखी काही निघालं तर कलमवाढ होते, म्हणजे पोलीस न्यायालयाला कळवून कलम वाढवतात. बनावट नियुक्तिपत्र सापडलं तर तेव्हा बनावटीकरणाचं कलम येईल. त्यामुळे प्रतीतली कलमं म्हणजे पहिल्या दिवशीचा अंदाज असतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा.

तपासाच्या शेवटी एकतर दोषारोपपत्र दाखल होतं किंवा महाराष्ट्रात ज्याला समरी म्हणतात तो अहवाल जातो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. पैशांच्या फिर्यादींचा शेवट 'क' मध्ये बऱ्याचदा होतो. अहवाल स्वीकारण्याआधी न्यायालय फिर्यादीला नोटीस काढतं. तेव्हा हरकत घेता येते आणि ४२० ज्या वाक्यावर उभं आहे, ते तुम्ही समासात लिहून ठेवलेलं वाक्य तिथे उपयोगी पडतं.

दोषारोपपत्र दाखल झालं की प्रकरणाला न्यायालयाचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, बहुधा आर.सी.सी. म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस असा. तो माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपलं न्यायालय निवडून एफआयआर क्रमांकाने शोधण्याची सोय आहे. तिथे पोलीस ठाणं, क्रमांक आणि वर्ष या पहिल्या रकान्यातल्या तीन गोष्टी भरल्या की पुढची तारीख समोर येते.